वडिलांच्या नावावर गेलेला पेपर

लातूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. बाहेरच्यांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं. हल्ली अर्धा दिवस प्राध्यापकांचे पासवर्ड रिसेट करण्यात जातो आणि उरलेला त्यांचे शोधनिबंध शोधण्यात.

रसायनशास्त्राचे जाधव सर पदोन्नतीची फाईल घेऊन आले. एस. एस. जाधव. मराठवाड्यात एखाद्या बसमध्ये या नावाने हाक मारली, तर दोघं-तिघं तरी वळून बघतील. सरांच्या गूगल स्कॉलर प्रोफाइलवर h-index ११ दिसत होता, म्हणजे किमान ११ वेळा संदर्भ घेतला गेलेले ११ पेपर. आकडा फाईलमध्ये टाईप करून झाला होता, मी फक्त प्रिंट काढून द्यायची होती.

मी यादी खाली सरकवली. वरून दुसरा पेपर खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेवर होता. पुढचा सोयाबीनच्या मुळांवरचा. एक १९९४ सालचा. त्या साली सर सातवीत होते. सरांनी काही लबाडी केलेली नव्हती. प्रोफाइल उघडताना स्कॉलर नाव जुळणाऱ्या लेखांचे गट पुढे करतं आणि 'हे सगळे घ्या' म्हणतं. घाईत सरांनी घेतले. जर्नलमध्ये नाव छापतात Jadhav SS एवढंच, मग हाडाचा डॉक्टर कोण नि रसायनवाला कोण, हे यंत्राला कसं कळावं? पुढे आपोआप भर घालायची सोय चालूच राहिली आणि दर काही महिन्यांनी कुणाचा तरी पेपर येऊन बसत गेला.

परका पेपर ओळखायला मी आधी सहलेखक बघते. सरांचे सहलेखक म्हणजे त्यांचे गाईड आणि प्रयोगशाळेतले दोन मित्र. ती नावं नसतील, तर संस्था कोणती ते बघायचं, मग साल. विषय शेवटी, कारण जवळच्या विषयातले दोन जाधव एकमेकांत बेमालूम मिसळतात.

"मॅडम, कशाला काढायलाव? मुलाखत तर होऊ द्या," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, समितीतल्या एकानं जरी लिंक उघडली, तर खुब्याचं काय सांगाल?" खरं सांगायचं तर समित्या लिंक उघडत नाहीत, आकडा बघतात आणि चहा मागवतात. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. तरी परक्या लेखांवर खुणा करत एकेक काढला. आकडा ४ वर आला. सरांचा चेहरा बघवेना.

मग मला खटकलं ते वेगळंच. सरांचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला पेपर, उत्प्रेरकांवरचा, यादीत नव्हताच. शीर्षकाने शोधला तेव्हा सापडला आणि लेखक होता Shivajirao JS. आपल्याकडे फॉर्मवर नाव आडनावापासून लिहितात. सरांनी जर्नललाही तसंच दिलं होतं, Jadhav Santosh Shivajirao. तिकडे शेवटचा शब्द आडनाव समजतात. म्हणजे निम्मी यादी परक्यांची आणि सगळ्यात चांगलं काम वडिलांच्या नावावर! शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपसमध्येही त्या शिवाजीरावांचं स्वतंत्र लेखक-पान तयार झालेलं. तिथे दोन पानं एकत्र करण्याची विनंती टाकली. स्कॉलरवर पेपर हाताने जोडला. त्याचे ३१ संदर्भ होते. मागचे १२, ९, ६, ५, ४ धरून आकडा ५ झाला.

सरांचा ORCID काढला. संशोधकाची ओळख पटवणारा हा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो. २०१२ पासून ही सोय आहे, तरी आमच्याकडे अजून 'ते काय असतं' विचारतात. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की लगेच पकडता येतो. त्यात पर्यायी नावं नोंदवता येतात. शिवाजीराव तिथे बसवले. पुढचा पेपर पाठवताना हा क्रमांक दिला, की नाव कसंही छापलं तरी पेपर त्यांचाच राहतो. छापून झालेल्या जुन्या पेपरांत मात्र तो आपोआप घुसत नाही. ते स्वतः जोडावे लागतात.

राहिलं स्कॉलरच्या ईमेलचं. कॉलेजच्या पत्त्याने पडताळणी केल्याशिवाय प्रोफाइल तिथल्या शोधात येत नाही आणि आमच्या कॉलेजचे ईमेल देणारे बाबू महिनाभर 'उद्या या' म्हणत होते. शेवटी मीच त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

नवीन पानं काढून सरांनी फाईल दिली. ११ चं पान त्यांनी फाडलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. पदोन्नतीचा निर्णय अजून आलेला नाही. तो लांबला तर सर मला दोष देतील का, हा विचार अधूनमधून येतो.

दरम्यान जूनमध्ये भौतिकशास्त्र विभागात एक नवीन सर रुजू झाले. एस. एस. जाधव. कॉलेजचा ईमेल मागायला आले होते. त्यांना बाबूकडे पाठवायच्या आधी मी ORCID काढायला बसवलं.