गोडीचा हिशोब : एकच मूस, एक पोर्ट, तीन स्टाउट

या महिन्यात एकच पदार्थ धरून बसलो होतो, ७० टक्के कोकोच्या चॉकलेटचा मूस. २०० ग्रॅम चॉकलेट, ४ अंडी, २०० मिली क्रीम आणि ८० ग्रॅम साखर. सोबतचं पेय बदलायचं आणि चव लिहून ठेवायची, एवढंच ठरवलं होतं.

चाखायची पद्धत आधी सांगतो, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. पाणी पिऊन पेयाचा एक घोट घ्यायचा आणि तो कसा लागला ते लिहायचं. मग चमचाभर मूस, तो पूर्ण गिळून लगेच दुसरा घोट. पहिल्या आणि दुसऱ्या घोटातला फरक म्हणजेच जोडीचा निकाल. दुसरा घोट पातळ, आंबट किंवा जळजळीत लागला, तर पदार्थ पेयापेक्षा गोड आहे.

सुरुवात पोर्टने, म्हणजे पोर्तुगालच्या गोड, कडक वाइनने केली, त्यातही एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, या प्रकाराने. हे पोर्ट सुगीनंतर ४ ते ६ वर्षांनी बाटलीत भरतात. पोर्ट गोड का असतं, तर आंबवण अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट ओततात. त्याने यीस्ट मरतं आणि द्राक्षाची बरीच साखर तशीच राहते, साधारण लिटरला १०० ग्रॅम. पहिला घोट सुरेख होता, काळ्या चेरीच्या मुरंब्यासारखा. मूसनंतरचा घोट ओळखूच येईना. फळ गेलं, आंबटपणा टोचायला लागला आणि २० टक्के अल्कोहोल घशाशी जळलं.

बाटलीत काहीही बिघाड नव्हता. जीभ एका गोडीला सरावली की त्याहून कमी गोड गोष्ट तिला जवळजवळ फिकी लागते, आणि त्या गोडीने झाकलेला आंबट, तुरट, कडू भाग उघडा पडतो. म्हणून गोड पदार्थासोबतचं पेय निदान तितकं तरी गोड हवं, जमल्यास थोडं जास्तच.

मग हिशोब मांडला. ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये जवळपास ३० टक्के साखर असते, म्हणजे २०० ग्रॅममध्ये ६०. वरची ८० धरून १४० ग्रॅम. सगळा मूस ६८० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे साखर २० टक्के. पोर्टमध्ये ती १० टक्के. मात्र हे आकडे थेट ताडून चालत नाही. मूसमधली चरबी आणि कोकोचा कडूपणा गोडी दाबतात, आणि थंडपणानेही ती कमी जाणवते. फ्रिजमधून काढल्या काढल्या जो मूस जुळतो, तोच अर्ध्या तासाने पोर्टवर मात करतो. शेवटचा निवाडा दुसऱ्या घोटाचाच.

दुसऱ्या खेपेला वरची साखर २० ग्रॅमवर आणली. एकूण ८० ग्रॅम, म्हणजे सुमारे १३ टक्के. साखर कमी असली की अंड्याचं पांढरं फेटताना लवकर दाणेदार होतं, म्हणून मऊ शेंडे उभे राहताच थांबलो. याच्यासोबत तेच एलबीव्ही पुन्हा घेतलं. दुसऱ्या घोटातही चेरी जागेवर होती, आणि मूसमध्ये आधी न जाणवलेला मनुकांचा वास वर आला. महिन्याभरातला हा सगळ्यात सुंदर क्षण.

स्टाउटचं, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरचं, गणित वेगळं निघालं. ड्राय स्टाउटमधली बहुतेक साखर यीस्टने खाल्लेली असते, उरतो भाजलेल्या बार्लीचा कडूपणा. दोन्ही मूससोबत तो जळक्या कॉफीसारखा लागला. मिल्क स्टाउटवर माझी भिस्त होती, कारण त्यात घातलेली दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बिअरचं यीस्ट खाऊ शकत नाही. पण लॅक्टोज आपल्या नेहमीच्या साखरेच्या मानाने फारच कमी गोड असतं. त्याने बिअरला दाटपणा येतो, जिभेला गोडी फारशी मिळत नाही. कमी साखरेच्या मूससोबत ती चालली, पहिल्यासोबत नाही.

इम्पीरियल स्टाउटची शेवटची ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबवण संपल्यावरची पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२८ होती, म्हणजे न आंबलेला गोड अंश भरपूर. तरी हॉप्सचा कडूपणा त्यातला बराच खाऊन टाकतो. त्यामुळे स्टाउट घेताना नुसती ग्रॅव्हिटी पाहून भागत नाही, आयबीयू, म्हणजे हॉप्सच्या कडूपणाचं माप, तेही बघायला हवं. ही बाटली १२ अंशांवर ओतली तेव्हा कमी साखरेच्या मूसशी छान मिसळली. ५ अंशांवर मात्र तिचीच गोडी झोपली आणि कडूपणा पुढे आला.

गोडी जुळली की सगळं जुळलं, असंही नाही. ८५ टक्क्यांचं नुसतं चॉकलेट एलबीव्हीपेक्षा गोड लागत नाही, तरी दोघांचा तुरटपणा एकावर एक चढला आणि तोंड कोरडं पडलं. तिथे आता १० वर्षांचं टॉनी पोर्ट लावून बघणार आहे. लाकडी पिंपात मुरताना त्याचा तुरटपणा बराच निवलेला असतो. ते १३ अंशांच्या आसपास ओतेन, आणि चॉकलेट खोलीच्या तापमानाला ठेवेन.