उरलेली पुस्तकं घरी का पाठवतो

"उरलेली पुस्तकं लोकांना परत न्यायला का लावता? एखाद्या वाचनालयाला देऊन टाका की!"

दिली होती हो. आमच्या सोसायटीत पुस्तकांची अदलाबदल सुरू केली, त्या पहिल्याच वर्षी.

तेव्हाचा नियम माझाच होता: एक पुस्तक आणा, कूपन घ्या, त्यावर कुठलंही एक पुस्तक न्या. मला तो अगदी न्याय्य वाटायचा. पण जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं देऊन काहींनी सकाळीच चांगल्या कादंबऱ्या नेल्या. दुपारी आलेल्यांच्या हातात कूपन आणि समोर गाईडं. संध्याकाळी क्लबहाउसमध्ये पाच गोण्या उरल्या.

त्या मी जवळच्या वाचनालयात नेल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "ताई, निवडून आणा ना. एकेकाची दाखल नोंद करावी लागते, कपाटात जागाही नाही." मी म्हटलं, असू देत, सावकाश करा. त्यांना नाही म्हणणं जमलं नाही आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

पावसाळ्यानंतर गेले तर गोण्या जिन्याखाली, बांधलेल्या तशाच. भिंतीची ओल आत उतरली होती. एक गोणी सोडली. वर आमच्याच इमारतीतल्या काकूंचं पुस्तक होतं, लग्नात वडिलांनी दिलेलं. पहिल्या पानावरची शाई फुटून अक्षरं निळी झाली होती, शिवणीत कसर लागली होती. आतली चित्रं गुळगुळीत कागदावरची. असा कागद भिजून वाळला की पानाला पान चिकटतं. घरी आणून पंख्याखाली ठेवलं, हलक्या हातानं सोडवायला गेले, तर चित्राचा वरचा थरच निघाला. "कुणीतरी वाचेल" म्हणून त्यांनी ते दिलं होतं. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून आता पुस्तकं दोन दिवस आधी घेते. उघडून वास घेते, शिवण बघते. कुबट वास आला किंवा कसर दिसली तर तिथेच परत. गाईडं आणि जुने अंक वेगळ्या टेबलावर, हवं त्यानं न्यावं, कूपन नाही. मुलांच्या पुस्तकांची कूपनं पिवळी, नाहीतर पातळ गोष्टीच्या पुस्तकावर मोठी कादंबरी जाते. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं फ्लॅट नंबर, आणि उरलं तर त्याच संध्याकाळी ते घरी.

लोक चिडतात, मला कळतं. "ओझं उतरवायला आणलं होतं," असं एकांनी तोंडावर सांगितलं. काहींनी आणणंच सोडलं. वाचनालयालाही मी अजून देते, पण आधी यादी पाठवून. मागच्या खेपेला त्यांनी नऊ पुस्तकं मागितली, नऊच दिली.

आणि वॉचमनच्या मुलीकडे द्यायला पुस्तकच नव्हतं. तिला मी माझं पिवळं कूपन दिलं. पण माझ्याकडचं कूपन संपल्यावर तिच्यासारखी दुसरी आली तर काय, हे माझ्या नियमात अजून बसलेलं नाही.

यंदा काकूंनी आणखी सात पुस्तकं काढून ठेवली आहेत. नंबर घालायला रविवारी मलाच बोलावलंय.