सोळा आणे की सोळा गुंठे

आमची जमीन खानापूर तालुक्यात आहे आणि मी राहते बेळगावात. पणजोबांच्या तीन मुलांची वाटणी कधीकाळी झाली, पण पुढच्या पिढ्यांची नावं काही नंबरांवर लागली आणि काहींवर नाही. वकील म्हणाले, "आधी सगळे जुने उतारे काढा आणि एक तक्ता करून द्या. नंबर, नाव, क्षेत्र. मग बोलू." काम माझ्याकडे आलं, कारण घरात कन्नड वाचणारी मी एकटी. दादा मराठी शाळेतला, त्याला बसची पाटी वाचता येते, तलाठ्याचं अक्षर नाही.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून आणलेले आणि आत्याच्या ट्रंकेत सापडलेले मिळून 41 कागद झाले. त्यांचे आपोआप दोन गठ्ठे पडले. 1956 च्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याआधीचे आमचे कागद मुंबई राज्याच्या वेळचे, मराठीतले. नंतरच्या पहाण्या, म्हणजे तिकडचे सातबारासारखे उतारे, कन्नडमध्ये, आकडेसुद्धा कन्नड. सन 2000 च्या सुमारास 'भूमी'चे संगणकी उतारे सुरू झाले, ते वाचायला काही अडचण नाही. डोकं खाल्लं ते मधल्या हस्तलिखितांनी.

पहिल्याच संध्याकाळी एक्सेलने दणका दिला. सर्व्हे नंबर 7, हिस्सा 2, म्हणून मी 7/2 टाइप केलं आणि समोर `07-Feb` उमटलं. क्षेत्र 2 एकर 10 गुंठे म्हणून 2.10 टाकलं, तर त्याचं 2.1 झालं. एक गुंठा आणि दहा गुंठे यांत फरकच उरला नाही. तेव्हा नंबर आणि हिस्सा वेगळ्या रकान्यांत घेतले, दोन्ही रकाने आधी Text करून ठेवले, आणि एकर, गुंठे, आणे यांना तीन स्वतंत्र रकाने दिले. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. बेरजेसाठी सगळ्याचे आणे करायचे आणि शेवटी परत एकर-गुंठे काढायचे. D मध्ये एकर, E मध्ये गुंठे, F मध्ये आणे असतील आणि G2 चं सूत्र G4 पर्यंत ओढलं तर असं:

```
G2:  =D2*640+E2*16+F2
G5:  =SUM(G2:G4)
D5:  =INT(G5/640)
E5:  =INT(MOD(G5,640)/16)
F5:  =MOD(G5,16)
```

आता जिथे मी खरी फसले ते सांगते. आमचा मुख्य नंबर, आर.एस. म्हणजे सर्व्हे नंबर 64, हिस्सा 3. एकूण क्षेत्र 4-31, म्हणजे 4 एकर 31 गुंठे, त्यात पीक न येणारा पोटखराबा 0-06, म्हणजे लागवडीचं 4-25. जुन्या मराठी उताऱ्यात तिघा भावांची नावं एकाखाली एक होती आणि प्रत्येकासमोर 0-5-4 लिहिलं होतं. मी सरळ तक्त्यात भरलं: शून्य एकर, पाच गुंठे, चार आणे. तिघांची बेरीज आली 15 गुंठे 12 आणे. नंबर पावणेपाच एकराच्या जवळचा आणि तिघांच्या नावावर मिळून सोळा गुंठेसुद्धा नाहीत! मी रात्री नऊ वाजता दादाला फोन करून सांगितलं की बाकीची जमीन कुणीतरी गिळली आहे. दादाने ते लगेच काकांना सांगितलं, आणि दोन दिवस घरात त्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

गल्लीत एक निवृत्त तलाठी राहतात, त्यांना आम्ही मामा म्हणतो. कागद त्यांच्यासमोर ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हे गुंठे कुठनं काढलीस ग? हे रुपयातले आणे. पाच आणे चार पै."

मग मांडून दाखवलं. जुना रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा, म्हणजे रुपयाच्या 192 पै. पाच आणे चार पै म्हणजे 64 पै. 192 चा बरोबर तिसरा हिस्सा. तिघांचे मिळून सोळा आणे, म्हणजे अख्खा नंबर. जमीन कुठेही गेली नव्हती. तलाठ्याने क्षेत्र न लिहिता हिस्सा लिहिला होता, इतकंच.

"आणि हे बघ," त्यांनी डावीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथेही तसेच डॅश दिलेले आकडे होते. तो आकार, म्हणजे शेतसारा. तोही रुपये-आणे-पै, कारण दशमान पैसे 1957 च्या एप्रिलपासून आले. एकाच कागदावर आणे तीन प्रकारचे निघू शकतात: सारा भरायचे, हिश्श्याचे आणि गुंठ्याचे. लिहायची पद्धत तिन्हींची एकच. ओळखायचं कसं, तर मधला आणि शेवटचा आकडा पाहायचा. मधला 15 च्या वर गेला की तो आणा असू शकत नाही, गुंठेच. शेवटचा 12 ते 15 असेल तर ती पै नव्हे. पण 0-5-4 सारखं दोन्हीकडे बसणारं काही असलं, तर त्या नंबरातल्या सगळ्यांची बेरीज करायची. रुपया-आणे-पै धरून बरोबर एक रुपया झाला की तो हिस्सा.

मी तक्त्यात 'हिस्सा' हा नवा रकाना घातला आणि पहिल्या गठ्ठ्यातल्या ओळी पुन्हा भरल्या.

तोच नंबर कन्नड पहाणीत आला तेव्हा हिश्श्याऐवजी क्षेत्र होतं. 185 गुंठ्यांचे तीन भाग समान पडत नाहीत, प्रत्येकी 61 गुंठे आणि पावणेअकरा आण्यांना थोडे कमी. कुणीतरी हिशेबी माणसाने 1-21-11, 1-21-11 आणि 1-21-10 असे पाडले होते, बेरीज काटेकोर 4-25. (एक आणा कमी आला तो आमच्या आजोबांना. साधारण 68 चौरस फूट, एका म्हशीपुरती जागा. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.)

माझ्या पहिल्या वाचनात मात्र बेरीज 4-35 आली, म्हणजे एकूण 4-31 पेक्षाही जास्त. फरक नेमका दहा गुंठ्यांचा, म्हणून दहमातला एक आकडा एकने चुकला असणार हे उघड होतं. सापडला मधल्या भावाकडे: 21 चं मी 31 वाचलं होतं. कन्नड दोन आणि तीन एकाच घाटाचे, तीनच्या शेपटीला फक्त एक जादा वळसा. घाईच्या अक्षरात तो वळसा गळतो तरी किंवा नसताना दिसतो तरी. सहा-नऊचंही तसंच, आणि एकचं तोंड मिटलं की शून्य झालं.

यावर मला एक उपाय सापडला, आणि तो वापरायला लागल्यापासून काम दुप्पट वेगाने झालं. पहाणीच्या पीकपाण्याच्या भागात तलाठी दरवर्षी साल लिहायचा. 1972-73 असं लिहिलं असेल तर त्यात त्याच माणसाचा दोन आणि तीन शेजारी मिळतो, आणि काय लिहिलं आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. 1969-70 मध्ये सहा, नऊ, सात, शून्य सगळे. मी प्रत्येक अक्षराचे हे आकडे मोबाईलवर फोटो काढून, मोठे करून एका कागदावर चिकटवले. तीस-पस्तीस वर्षांत आमच्या गावाला पाच वेगवेगळी अक्षरं निघाली. त्यांतल्या एकाचा सात मी अजूनही स्वप्नात ओळखेन.

नावांची गोष्ट निराळी, तिथे बेरीज उपयोगी पडत नाही. मी एका बाईंचं नाव 'लक्ष्मीकोम' असं भरलं होतं, कारण कन्नडमध्ये शब्द जोडूनच लिहिले होते. ते 'लक्ष्मी कोम यल्लाप्पा', कोम म्हणजे अमक्याची बायको. आमच्या पणजीच त्या. 'अ.पा.क.' हे मला कुणाचं तरी आडनाव वाटलं. ते अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याचं, म्हणजे मालक तो मुलगा आणि पुढे लिहिलेली त्याची आई नुसती पालक. एकच पणजोबा मराठीत 'यल्लापा', कन्नडमध्ये 'यल्लाप्पा' आणि एका ठिकाणी 'एल्लप्पा' आहेत. सुरुवातीला मी सगळीकडे एकसारखं करत होते. वकिलांनी हात धरला. म्हणाले, कागदावर आहे तसंच एका रकान्यात राहू दे, तुम्हाला वाटतं ते शेजारी लिहा, उद्या समोरचा हाच फरक काढेल.

कंसाचंही सांगायला हवं. नाव कमी झालं की आमच्या पहाण्यांत ते खोडलेलं नाही, त्याला कंस केला आहे आणि जवळ डायरीचा, म्हणजे फेरफाराचा, नंबर टाकला आहे. झेरॉक्समध्ये फिकट कंस अक्षराच्या वेलांटीत मिसळून जातो. एका साली पणजोबांचे 4-25 आणि तिघांचे मिळून 4-25, अशी माझी बेरीज 9-10 झाली. बरोबर दुप्पट आली की कंस शोधायचा, हे तेव्हा कळलं. त्या पानासाठी पुन्हा खानापूरला जाऊन मूळ वही पाहिली. कंस लाल शाईचा होता, झेरॉक्सने तो राखाडी केला होता.

आणि एक चूक दादाने केली, मी नाही. त्याने 'भूमी'च्या आधीच्या दोन पहाण्यांत बाराव्या कॉलममधलं नाव मालक म्हणून वाचलं. मालक नवव्या कॉलममध्ये असतो, दहाव्यात तो कसा झाला ते, बाराव्यात कसणारा. 1 मार्च 1974 च्या सुमारास बाराव्या कॉलममध्ये कुणाचं नाव होतं याला कूळ कायद्यात फार वजन आलं, कसत असलेली जमीन आपल्या नावे व्हावी म्हणून लोकांनी फॉर्म सात भरले. त्यामुळे बारावा कॉलम टाकून द्यायचा नाही, पण मालकांच्या रकान्यात त्याचं काम नाही. तक्त्यात 'कसणार' म्हणून वेगळा रकाना केला. सुदैवाने आमच्याकडे तिथे घरचीच माणसं होती.

सगळं मिळून 212 ओळी झाल्या. प्रत्येक नंबराखाली प्रत्येक सालची बेरीज आणि समोर आकारबंदातलं, म्हणजे सरकारी मोजणीच्या नोंदवहीतलं क्षेत्र, फरक असेल तर पिवळा रंग. काही नंबरांत हिश्श्यांची बेरीज पोटखराब्यासकट जुळली, काहींत तो वजा करून. म्हणून दोन्ही आकडे समोर ठेवावे लागले, नाहीतर नुसत्या खराब्याच्या फरकाने अर्धा तक्ता पिवळा होत होता.

वकिलांकडे तक्ता दिला तेव्हा तीन ओळी पिवळ्या होत्या. दोन त्यांनी बसल्या बसल्या सोडवल्या, 'पैकी' हा शब्द माझ्या वाचनातून सुटला होता. तिसरी आर.एस. 7/2 ची आहे. गुंठ्याचा आकडा घडीच्या रेषेवर आला आहे, 12 किंवा 13, आणि त्या पानावर साल लिहायचंच राहिलं आहे. तिथे मी 'वाचता येत नाही' असं लिहून ठेवलंय. शेजारच्या डायरी नंबराची नक्कल मागायचा अर्ज दिला आहे, ती आली की भरीन.