आधी विचारतो, दाखवणार कुठे?

सांगलीत आमचं युनिट सुरू झालं तेव्हा पाटीवर ‘व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ एवढंच होतं. मी आणि माझा मावसभाऊ. लग्नं, बारशी, गणपतीच्या मिरवणुका, क्वचित एखाद्या शाळेचं स्नेहसंमेलन. त्या मिनीडीव्ही टेपच्या दिवसांत निवड करायला काही नव्हतंच. इथे मिळणारा कॅमेरा पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि चित्र ७२० बाय ५७६. टीव्ही घरोघरी ४:३ चा. कॅमेऱ्यातून जे निघायचं तेच सीडीवर जायचं आणि तेच टीव्हीवर दिसायचं. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे फ्रेमरेट, हा शब्दही आमच्या बोलण्यात नव्हता.

तो आला डीएसएलआरबरोबर, म्हणजे व्हिडिओही घेणाऱ्या फोटोच्या कॅमेऱ्याबरोबर. २००८ साली आलेल्या कॅननच्या ५डी मार्क २ वर सुरुवातीला व्हिडिओ फक्त ३० फ्रेमला मिळायचा. २४ आणि २५ ची सोय मार्च २०१० च्या फर्मवेअरमध्ये आली. दरम्यान आमच्यासारख्या अनेकांनी टेपचा कॅमेरा २५ वर आणि डीएसएलआर ३० वर असं मिळून काम केलं. एडिटिंग करताना दोन्ही एका टाइमलाइनवर आले की २५ ची टाइमलाइन ३० च्या फूटेजमधली दर सहावी फ्रेम टाकून देते. म्हणजे सेकंदाला पाच वेळा एक बारीक झटका. माणूस उभा राहून बोलत असेल तर कळतही नाही. पण मंडपावरून कॅमेरा सावकाश फिरवला की छताला लावलेल्या दिव्यांच्या माळा अडखळत पुढे सरकतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘काहीतरी अटकतंय.’ त्याला कारण सांगता येत नाही, पण दिसतं बरोबर.

दुसरी भानगड विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधल्या ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर सेकंदाचा १/५० किंवा १/१०० भाग उघडं असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये मिणमिणीचे पूर्ण फेरे बसतात आणि उजेड सारखा राहतो. ३० फ्रेमवर कॅमेरा आपोआप १/६० धरतो आणि भिंतीवर काळपट पट्टे तरंगायला लागतात. नाइलाजाने ३० वर काम करावंच लागलं तर शटर हाताने १/५० वर आणावं, पट्टे जातात. आम्ही सरळ सगळ्या कॅमेऱ्यांचा मेनू पालवर टाकला आणि २५ हा घरचा फ्रेमरेट ठरवला. लग्नाच्या कामाला तो आजही तसाच आहे. स्लो मोशन लागेल तिथे ५० वर शूट करायचं. ५० चं निम्मं २५, हिशेब बिनचूक.

मग पतसंस्थांच्या माहितीफिती, दुकानांच्या जाहिराती अशी कामं यायला लागली आणि घरचा नियम पुरेना. कारण त्या फिती एका जागी दाखवायच्या नसतात. तेव्हापासून दर सांगण्याआधी आम्ही एकच गोष्ट विचारतो: हे कुठे कुठे दाखवणार? थिएटर, टीव्ही किंवा केबल, मोबाइल, दुकानाबाहेरचा स्क्रीन. उत्तर आलं की कागदावर उलटं मोजत यायचं, शेवटच्या कॉपीपासून कॅमेऱ्यापर्यंत.

एका सराफ पेढीच्या दिवाळीच्या जाहिरातीचं उदाहरण सांगतो. ४० सेकंदांची जाहिरात. शहरातल्या थिएटरमध्ये सिनेमाआधी चालणार, मोबाइलवर उभी जाणार आणि पेढीच्या दर्शनी भागावरच्या एलईडी स्क्रीनवर दिवसभर फिरणार. टीव्ही नाही, हे पेढीच्या शेटजींकडून दोनदा विचारून घेतलं.

थिएटरची डिजिटल कॉपी सर्रास २४ फ्रेमची असते. मोबाइलला २४ चालतात, एलईडीच्या प्लेअरलाही चालतात. म्हणजे कडक अट एकट्या थिएटरची, म्हणून २४. सवयीने २५ वर शूट केलं असतं तर ४० सेकंदांच्या १००० फ्रेम झाल्या असत्या, आणि त्याच १००० फ्रेम २४ च्या वेगाने चालवल्या की ४१.६७ सेकंद लागतात. जाहिरातीची जागा ४० सेकंदांचीच घेतलेली असते, तेव्हा शेवटी येणारा पेढीचा पत्ताच कापला जाणार. शिवाय आवाज सुधारून घेतला नाही तर निवेदिकेचा सूर पाऊणएक अर्ध्या स्वराने उतरतो. तिचंच बोलणं, पण थोडं आळसावलेलं.

२४ म्हणजे कुठले २४, हेही बघावं लागतं. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या मेनूत जे २४ लिहिलेलं असतं ते खरं २३.९७६ असतं. ४० सेकंदांत फरक एका फ्रेमचा, म्हणून इथे जीव काढण्यासारखं काही नाही. तासाभराच्या फितीत मात्र तो साडेतीन सेकंदांच्या वर जातो आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांपासून सुटतो. शटर अर्थातच १/५०, कारण २४ वर शूट केलं म्हणून पेढीतल्या दिव्यांची वीज बदलत नाही.

आता चौकट. कॅमेरा ३८४० बाय २१६० चा, म्हणजे चार-केचा. थिएटरची ‘फ्लॅट’ चौकट १.८५ ची, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद, दोन-के मध्ये १९९८ बाय १०८०. आपल्या १६:९ पेक्षा ती किंचित रुंद, म्हणून वरून-खालून ४२-४२ पिक्सेलची पट्टी जाते. एवढं सोसतं. एलईडी स्क्रीन सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. त्यातला प्रत्येक अर्ध्या मीटरचा चौकोनी डबा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, म्हणजे सगळा मिळून १५३६ बाय ७६८. प्रमाण २:१. त्यासाठी वरून-खालून १२०-१२० पिक्सेल सोडायचे. हा आकडा स्क्रीन बसवणाऱ्याकडून लेखी घ्यावा, कारण नेहमीची १९२० बाय १०८० ची फाइल दिली तर काही प्लेअर डावा-वरचा कोपरा तेवढा दाखवतात आणि काही अख्खं चित्र दाबून बसवतात. दाबलं की गोल पदक अंड्यासारखं आडवं दिसतं. सराफाच्या नजरेतून ते सुटेल?

खरं दुखणं मोबाइलच्या उभ्या चौकटीचं. २१६० उंचीतून ९:१६ काढलं की रुंदी मिळते १२१५ पिक्सेल. मोबाइलला १०८० बाय १९२० लागतं, तेव्हा दर्जा शाबूत राहतो. हेच कॅमेरा १९२० बाय १०८० वर ठेवला असता तर हाती ६०८ पिक्सेल आले असते, चित्र पावणेदोन पट ताणावं लागलं असतं आणि मंगळसूत्राचे मणी एकमेकांत विरघळले असते. म्हणून चार-के. पण १२१५ म्हणजे मूळ रुंदीचा तिसरा हिस्साही नाही, आणि पटकथेत सासू सुनेच्या गळ्यात हार घालते असा मुख्य शॉट होता. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर उभ्या चौकटीत एक कोणीतरी बाहेर. मॉनिटरवर तिन्ही चौकटींच्या रेघा टाकल्या आणि सुनेला आरशापुढे बसवलं, सासूबाईंना तिच्या मागे उभं केलं. हाराची कडी मानेमागे लागते तेव्हा दोन्ही चेहरे एकाखाली एक येतात आणि डोक्यावर एलईडीसाठीही जागा उरते. एकच शॉट तिन्हीकडे चालला. काउंटरवरच्या गर्दीचा शॉट काही केल्या उभा बसेना, तो तिथल्या तिथे वेगळा घेतला. अक्षरं मात्र कुठल्याच चित्रात पक्की करायची नाहीत. पेढीचं नाव आणि पत्ता शेवटपर्यंत वेगळ्या थरावर ठेवून प्रत्येक आकारासाठी नव्याने मांडायचा.

एडिटिंग आम्ही डाविंची रिझॉल्व्हवर करतो. तिथे टाइमलाइनचं रिझोल्यूशन कधीही बदलता येतं. म्हणून काम १०८० वरच हलकं ठेवतो, मूळ फूटेज चार-केचं असतंच, आणि कॉपी काढताना हवा तो आकार. फ्रेमरेटचं तसं नाही. प्रोजेक्टमध्ये पहिली क्लिप आली की `Timeline frame rate` गोठतो. त्याहून वाईट म्हणजे पहिलीच क्लिप वेगळ्या फ्रेमरेटची असली तर सॉफ्टवेअर विचारतं, प्रोजेक्टचा फ्रेमरेट तिच्याप्रमाणे बदलू का? घाईतला हात `Change` वर पडतो. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला पहिली शिकवण हीच: आधी सेटिंग, मग क्लिप, आणि पहिली क्लिप मुख्य कॅमेऱ्याची. मोबाइलची कधीच नाही.

मोबाइलच्या क्लिपा ही स्वतंत्र जात आहे. एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी फितीसाठी परगावच्या आणि अमेरिकेतल्या सभासदांनी शुभेच्छा रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या. मोबाइल उजेडाप्रमाणे स्वतःच फ्रेमरेट खालीवर करतो. क्लिपच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, पाचेक मिनिटांनी वक्ता बोलून थांबतो आणि शब्द नंतर येतो. असं सुरुवातीला ठीक आणि पुढे पुढे सुटत जाणारं दिसलं तर समजावं फ्रेमरेट अस्थिर आहे. तपासायला ही एक ओळ पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,width,height -of default=nw=1 clip.mp4
```

`r_frame_rate` आणि `avg_frame_rate` यांत ठळक फरक आला की आम्ही क्लिप तशीच आत घेत नाही, आधी स्थिर करून घेतो:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le clip_25.mov
```

यात ३० च्या २५ होताना फ्रेम गळतातच. पण खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत कोणाच्या लक्षात येत नाही. कोणी चालत चालत शुभेच्छा दिल्या असतील तर तेवढा तुकडा छोट्या चौकटीत दाखवतो.

आता आमच्या दरपत्रकाच्या वरच्या भागात कुठे दाखवणार, फ्रेमरेट, चौकटी आणि मूळ रिझोल्यूशन एवढं लिहून दोघांच्या सह्या होतात. उभ्या चौकटीसाठी वेगळे घेतलेले शॉट वेगळे मोजले जातात, त्यावर कुरकुर होते, होऊ दे. थिएटर किंवा एलईडी असेल तर मुख्य शूटिंगच्या आधी दहा सेकंदांचं काहीतरी शूट करून, कॉपी काढून, त्याच पडद्यावर चालवून बघतो. सराफांच्या कामात ही चाचणी पेढीचं दुकान बंद झाल्यावर रस्त्यावर उभं राहून केली. तेव्हाच कळलं की स्क्रीनवर पत्त्याची अक्षरं दुप्पट मोठी लागतील.

सही करूनही ‘तेवढं केबललाही द्या ना’ असा फोन येतोच, सराफांचाही आला. २४ वर केलेल्या ९६० फ्रेम केबलच्या २५ वर ३८.४ सेकंदांत संपतात. उरलेले १.६ सेकंद आम्ही पेढीचं नाव स्थिर ठेवून भरले, निवेदिकेचा सूर खाली आणून जागेवर बसवला आणि त्या कॉपीचं बिल वेगळं लावलं.