कॅल्मार पावणेनऊ

धरमपेठेतल्या आमच्या कार्यालयात एक निवृत्त गृहस्थ आपल्या ओळखीच्या तरुण ट्रेडरला घेऊन आले. त्याच्याकडे मोठी रक्कम सोपवण्यापूर्वी त्याचे हिशेब मी तपासावेत, अशी त्यांची इच्छा होती. तो केवळ बिटकॉइनमध्ये व्यवहार करी. 2023 चा परतावा 70 टक्के, सर्वांत मोठी घसरण 8 टक्के, म्हणून कॅल्मार गुणोत्तर पावणेनऊ, असे त्याच्या तक्त्यात होते.

वार्षिक परताव्याला शिखरापासूनच्या सर्वांत मोठ्या घसरणीने भागले की हे गुणोत्तर मिळते; त्यामुळे सगळी मदार छेदावर असते. 8 टक्के हा आकडा महिनाअखेरच्या शिलकींवरून काढलेला होता. मी रोजची शिल्लक मागवली. ऑगस्टमध्ये खाते 20 लाखांवरून 15 लाख 40 हजारांवर आले होते. त्यानंतर तीन लाखांची भर पडली आणि महिनाअखेरीस 18 लाख 40 हजार दिसले. परताव्यातून ही भर वगळलेली होती, घसरणीतून मात्र नाही. म्युच्युअल फंडाप्रमाणे खात्याचे युनिट पाडले, तेव्हा परतावा जवळपास तेवढाच राहिला, पण घसरण 23 टक्के निघाली आणि कॅल्मार तीनवर आला. महिनाअखेरच्या आकड्यांवर घसरण मोजण्याची ही पद्धत सर्रास चालते, आणि ती बंद व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

मग त्याच काळात बिटकॉइन नुसते धरून ठेवले असते तर काय झाले असते, ते मांडले. ते वर्ष सुमारे 16,500 डॉलरवर सुरू होऊन 42,000 च्या आसपास संपले, म्हणजे परतावा 155 टक्क्यांच्या घरात. दैनंदिन बंद भावांवर सर्वांत मोठी घसरण जुलै ते सप्टेंबरमधली, सुमारे 20 टक्के. कॅल्मार साडेसातच्या वर. काहीही न करणारा माणूस परतावा आणि घसरण या दोन्हींत त्याच्या पुढे होता.

"सर, 2022 पण बघा ना," तो शांतपणे म्हणाला.

त्याचे म्हणणे रास्त होते. टेरी यंग यांनी 1991 मध्ये हे गुणोत्तर मांडले ते 36 महिन्यांच्या आकड्यांवर. एका वर्षावर ते फार हेलकावे खाते. 2022 मध्ये त्याने 14 टक्के गमावले होते, तर बिटकॉइन सुमारे 46,000 वरून 16,500 वर आले होते. दोन्ही वर्षे जोडल्यावर त्याचा वार्षिक परतावा 21 टक्के, घसरण 26 टक्के, कॅल्मार 0.8, धरून ठेवणारा मात्र अजून तोट्यात, आणि वाटेत दोन-तृतीयांश भांडवल गेलेले. परतावा उणे झाला की हे गुणोत्तर तुलनेला निरुपयोगी ठरते, कारण घसरण जितकी मोठी तितका उणे आकडा शून्याच्या जवळ, म्हणजे बरा, दिसतो. म्हणून तिथे मी परतावा आणि घसरण वेगवेगळे लिहिले.

"मग पैसे देऊ की नको?" काकांनी विचारले. पडझडीत हा भांडवल सांभाळतो आणि तेजीत मागे राहतो, एवढे आकडे सांगतात; पण पडझडीचे एकच वर्ष हाती असताना ते त्याचे कौशल्य मानावे का, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. अहवालात दोन्ही कालखंड शेजारी-शेजारी दिले आणि 36 महिने पूर्ण होईपर्यंत थांबावे, असे लिहिले.