छापखान्याचा खरा नफा काढताना

नफातोटा पत्रकात 22 नफा दिसत होता. (सगळे आकडे विक्री 100 धरून देतो.) हा झाला लेखा नफा. माझा वेळ, माझे पैसे आणि माझी जागा यांचं बिल कुणी देत नाही, म्हणून ते खर्च वहीत येतच नाहीत. ते मोजून आर्थिक नफा काढायला बसलो.

सुरुवात वेळेपासून केली. मी दरमहा घेतो ती उचल भांडवल खात्यातून जाते. तिचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण ती मी गल्ल्याकडे बघून ठरवतो. विचारायचं ते एवढंच : छापखाना नसता तर याच तासांत मला कुठे किती मिळालं असतं? दुसऱ्याच्या छापखान्यात व्यवस्थापक म्हणून 15. (कुणी स्वतःचा पगार आधीच खर्चात लिहिला असेल, तर तो प्रथम नफ्यात परत मिळवावा, नाहीतर एकच खर्च दोनदा वजा होतो.) जागा स्वतःची आहे, ती भाड्याने दिली असती तर 6 आले असते. भाडं धरलं की जागेच्या किमतीवर पुन्हा व्याज धरायचं नाही.

भांडवलाशी सर्वांत जास्त झगडलो. ताळेबंदात यंत्रं, माल आणि येणी मिळून 90 होती. पण मूळ खरेदीचे पैसे गेले ते गेले. आज विकून जे हाती येईल तेवढंच मी दुसरीकडे गुंतवू शकतो. ते निघालं 60. त्यातलं कर्ज 20, त्याचं व्याज खर्चात आधीच आहे. उरले माझे 40. दर मुदत ठेवीचा लावला तर आकडा गोड दिसतो, पण छापखान्यात पैसे बुडू शकतात, ठेवीत सहसा नाही. तेवढ्याच जोखमीचा म्हणून 12 टक्के धरले : 4.8.

तिन्ही मिळून 25.8. म्हणजे 3.8 तोटा!

मग घसारा तपासला. वहीत तो 9 होता, कारण यंत्राचं आयुष्य नियमानं ठरवलेलं. विक्रीची किंमत मात्र वर्षात 5 नेच उतरली होती. जादा लावलेले 4 परत मिळवले आणि उत्तर आलं 0.2. व्यवहारात शून्यच. शून्य म्हणजे धंदा बुडाला असं नव्हे. वेळ, पैसा, जागा यांना बाहेर मिळालं असतं तेवढं इथेही मिळतंय. म्हणून छापखाना बंद करायचं कारण नाही.

नव्या यंत्राचं गणित वेगळं. त्यात माझे आणखी 50 जातील, 12 टक्क्यांनी वर्षाला 6. वर त्याची किंमत उतरेल ती निराळी. विक्रेता वर्षाला 5 वाचतील म्हणतो. त्याला नकार कळवला.