लग्नाचा फ्रेंच मजकूर: अंतरपाट ते सप्तपदी पक्कं झालं

नाशिकला द्राक्षमळे आणि वायनरी बघायला आलेल्या फ्रेंच पाहुण्यांना यजमान आग्रहाने घरच्या लग्नालाही नेतात. त्यांच्या हातात द्यायचं, लग्नाचे विधी सांगणारं एकपानी टिपण तयार केलं, फ्रेंचमध्ये साधारण 200 शब्द. हळद, मुंडावळ्या आणि गृहप्रवेशाला एकेक वाक्य दिलं, तेवढं पुरतं. बहुतेक जागा खाल्ली ती मुहूर्ताने.

पत्रिकेवर ‘सायं. 6 वा. 42 मि.’ छापलेलं असतं. फ्रेंच वाचक ती समारंभ सुरू होण्याची वेळ समजतो, सहा चाळीसला कार्यालयाच्या दारात उतरतो आणि आत जाईपर्यंत बँड वाजायला लागलेला असतो. मुहूर्त ही अंतरपाट बाजूला होण्याची वेळ आहे, मंगलाष्टकं त्याआधीच सुरू झालेली असतात. म्हणून मजकुरात आधी ‘अर्धा तास लवकर या’ आणि मग मुहूर्ताचा अर्थ, असा क्रम ठेवला. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे, 18 आणि 42 च्या मधे लहान एच घालून आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहायची. फ्रेंचमध्ये तीच पद्धत.

अंतरपाटासाठी ‘व्वाल’ हा शब्द सगळ्यात आधी सुचतो, पण तो वाचल्यावर डोळ्यांपुढे वधूच्या चेहऱ्यावरची जाळी येते. ‘रिदो’ म्हटलं की नाटकाचा पडदा. ‘एतॉफ’, म्हणजे नुसतं वस्त्र, ठेवलं आणि पुढे जोडलं: दोघांच्या मधे धरलेलं, कुंकवाने स्वस्तिक काढलेलं. मग छोटं वाक्य, ‘ओं रतीर लेतॉफ’, वस्त्र बाजूला घेतात. ‘पडतं’ हे क्रियापद टाळलं, कारण अंतरपाट खाली पाडत नाहीत, बाजूला ओढून घेतात.

सर्वनामांचा एक नियम शेवटपर्यंत पाळला. रीत सांगताना ‘ओं’, म्हणजे लोक, पाहुण्याने स्वतः काही करायचं असेल तिथेच ‘वू’, म्हणजे तुम्ही. त्यामुळे घाईत पान चाळणाऱ्यालाही आपल्या वाट्याची कामं लगेच सापडतात: स्टेजवर जाण्याआधी चपला काढा, अक्षता घ्या, सावधान ऐकल्यावर टाका.

अक्षतांच्या परिच्छेदावर मेहनत घ्यावीच लागते. फ्रान्समध्येही नवदांपत्यावर तांदूळ उधळतात, पण विधी संपवून ते दाराबाहेर आल्यावर. त्या सवयीने पाहुणा एक तर शेवटापर्यंत मूठ आवळून बसतो, नाहीतर पहिल्याच ‘शुभमंगल सावधान’ला सगळी रिकामी करतो, आणि परत वाटप होईलच असं नाही. म्हणून स्पष्ट लिहिलं: प्रत्येक कडव्याच्या शेवटी चिमूटभर, वधूवरांच्या दिशेने, हलक्या हाताने. कडव्यांचा आकडा मुद्दाम दिला नाही. नावात ‘अष्टक’ असलं तरी हौशी आत्या-मावश्या स्वतः रचलेली कडवी म्हणतात, आणि ‘आठ’ वाचलेला माणूस नवव्याला गोंधळतो.

पुढचा पेच: यांचं लग्न लागलं कधी? फ्रान्समध्ये कायद्याने लग्न नगरपालिकेत लागतं, तिथे दोघं तोंडाने होकार देतात आणि सह्या करतात. धार्मिक विधी त्यानंतर. आपल्याकडे तो वाचक होकाराचा क्षण शोधत बसतो. टाळ्या, बँड, हार हे सगळं अंतरपाटाला होतं, म्हणून तो तिथेच ‘झालं’ समजतो आणि पंगतीला जातो. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. ते पाऊल अनेकदा पाहुणे जेवत असताना, होमापाशी मोजक्या नातेवाइकांसमोर पडतं. मजकुरात दोन्ही ठेवले: लोक लग्न लागलं म्हणतात तो क्षण आणि विधी पुरा होतो तो. बघायचं असेल तर जेवणाआधी यजमानांना विचारून ठेवा, हे वाक्य ‘वू’चं.

इथेच कच्च्या मसुद्यांत हमखास घुसणारी चूक म्हणजे ‘अग्नीभोवती सात फेरे’. हे हिंदी सिनेमातून आलेलं. आपल्याकडे लाजाहोमाच्या वेळी अग्नीला प्रदक्षिणा घालतात, सप्तपदी वेगळी: तांदळाच्या सात लहान राशी, त्यांवर वधू एकेक करत उजवं पाऊल ठेवत पुढे जाते. म्हणून ‘सेत पा’, सात पावलं. ‘तूर’ म्हणजे फेरा, तो शब्द सप्तपदीच्या वाक्यात नको. समाजागणिक क्रम थोडा बदलतो, त्यासाठी ‘सुवां’, म्हणजे बऱ्याचदा, एकदाच वापरला. प्रत्येक वाक्यात घातला तर वाचकाचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

उखाणा अजून अडलेला आहे. नवऱ्याचं नाव यमकात गुंफून घेतात, एवढं एका ओळीत बसतं. नमुना द्यायचा तर फ्रेंच यमकही जुळायला हवं आणि नावही ओळीच्या शेवटाजवळ यायला हवं, आणि आतापर्यंतच्या जुळणीत दोन्हींपैकी एक सुटतंच. कुणाकडे चालणाऱ्या दोन ओळी असतील तर पाठवा. तोवर नमुन्याशिवाय छापतोय.